वितळलेल्या कच्च्या चिकनचे पुनर्हिमीकरण

गोठवलेल्या कच्च्या चिकनच्या पाकिटावर बहुधा एक सूचना छापलेली असते: एकदा वितळल्यानंतर पुन्हा गोठवू नये. ब्रिटनची फूड स्टँडर्ड्स एजन्सी ही शासकीय संस्थाही तेथील नागरिकांना असाच सल्ला देते. वितळलेले कच्चे मांस चोवीस तासांत वापरावे, आणि पुन्हा गोठवायचेच असेल तर आधी पूर्ण शिजवावे, असे तिचे म्हणणे आहे. अमेरिकेच्या कृषी खात्याची अन्नसुरक्षा सेवा याच प्रश्नाचे वेगळे उत्तर देते. चिकन फ्रीजमध्ये वितळवले असेल तर ते न शिजवता पुन्हा गोठवण्यास सुरक्षित आहे, फक्त त्याचा दर्जा थोडा खालावेल, असे ती सांगते. दोन्ही देशांतील कोंबड्या सारख्या आणि जंतूही तेच आहेत. तरीही दोन जबाबदार संस्थांची उत्तरे भिन्न आहेत, कारण या एका प्रश्नात दोन स्वतंत्र प्रश्न दडलेले आहेत. पहिला प्रश्न असे चिकन खाऊन माणूस आजारी पडेल का, हा. दुसरा प्रश्न ते पहिल्याइतके चांगले लागेल का, हा. या दोन प्रश्नांमागची कारणे वेगळी आहेत, म्हणून त्यांचा विचार वेगवेगळा करावा लागतो.

प्रथम हिमीकरण म्हणजे काय ते पाहू. चिकनच्या मांसात वजनाने सुमारे तीन चतुर्थांश पाणी असते. हे पाणी शुद्ध नसते. त्यात क्षार आणि प्रथिने विरघळलेली असतात, त्यामुळे ते शून्य अंशावर न गोठता उणे १ ते उणे २ अंश सेल्सिअसच्या आसपास गोठू लागते. तापमान उणे ५ अंशांपर्यंत उतरेपर्यंत त्यातील बहुतेक पाण्याचे बर्फ झालेले असते. या टप्प्याला अन्नतंत्रज्ञ महत्तम स्फटिकनिर्मितीचा पट्टा म्हणतात, आणि मांसाच्या दर्जाचे भवितव्य मुख्यतः याच पट्ट्यात ठरते. पुढे उणे १८ अंशांवरही थोडे पाणी द्रवरूपात शिल्लक राहते. अधिकाधिक खारट होत गेलेला तो द्रव तंतूंच्या मधल्या फटींत टिकून असतो. गोठवलेल्या अन्नाच्या साठवणुकीसाठी उणे १८ अंश हे तापमान जगभर मानक म्हणून स्वीकारलेले आहे. आपल्याकडील एकदारी फ्रीजमधला वरचा बर्फाचा कप्पा प्रत्येक वेळी तेवढा थंड होतोच असे नाही, हे येथेच नोंदवलेले बरे.

या थंडीत जंतूंचे काय होते, यावर सुरक्षिततेचे सारे गणित उभे आहे. थंडीने जंतू मरतात अशी समजूत सर्वत्र आढळते, पण ती बव्हंशी खरी नाही. हिमीकरणाने त्यांची वाढ थांबते. काही जंतू स्फटिकांमुळे किंवा साकळलेल्या क्षारांमुळे मरतात, काही जखमी होतात, आणि पुष्कळसे तसेच टिकून राहतात. कच्च्या चिकनवर आढळणारा साल्मोनेला हा जंतू महिनोन्‌महिने गोठलेल्या अवस्थेत जिवंत राहू शकतो. कॅम्पिलोबॅक्टर हा त्याचा सोबती मात्र थंडीला बराच नाजूक आहे. आइसलंडमध्ये १९९९ साली कॅम्पिलोबॅक्टरच्या आजारांची मोठी लाट आली. त्यानंतर ज्या कळपांत हा जंतू सापडे, त्या कळपांतील कोंबड्या ताज्या न विकता गोठवून विकण्याचे धोरण तेथे स्वीकारले गेले आणि रुग्णसंख्या लक्षणीय घटली. तरीही हिमीकरणाने हा जंतू कमी होतो, नाहीसा होत नाही. म्हणून गोठवलेले चिकन निर्जंतुक असते असे कोणत्याही अर्थाने म्हणता येणार नाही.

हिमीकरणात जंतूंच्या वाढीचे घड्याळ थांबते, पण त्याचे काटे मागे फिरत नाहीत. फ्रीजरमध्ये जाताना मांसावर जितके जंतू असतील त्यांतले बरेचसे बाहेर येतानाही असतात, आणि तापमान चढू लागले की घड्याळ पूर्वी थांबले होते तेथूनच पुढे चालू लागते. म्हणून पुनर्हिमीकरणाची क्रिया स्वतः धोकादायक नसते. धोका असतो तो पहिल्यांदा वितळणे आणि दुसऱ्यांदा गोठणे यांच्या मधल्या काळात. त्या काळात मांसाचा पृष्ठभाग किती तापमानाला किती वेळ होता, एवढे कळले तर उत्तर जवळजवळ मिळालेच.

पृष्ठभाग असा शब्द येथे मुद्दाम वापरला आहे. चिकनच्या अखंड तुकड्यावर जंतू प्रामुख्याने बाहेरच्या बाजूला असतात, आणि वितळतानाही सर्वांत आधी तीच बाजू तापते. यामागे एक भौतिक कारण आहे, आणि ते समजून घेण्यासारखे आहे. बर्फ पाण्याच्या जवळजवळ चौपट वेगाने उष्णता वाहून नेतो. मांस गोठत असते तेव्हा बाहेरचा थर आधी बर्फ होतो आणि आतली उष्णता त्या बर्फातून झपाट्याने बाहेर निघते. वितळताना परिस्थिती उलटी होते. बाहेरचा थर आधी पाणीदार होतो, आणि उष्णतेचा मंद वाहक असलेला हा ओला थर आतल्या बर्फाला जणू पांघरून बसतो. त्यामुळे तापमानातला फरक सारखाच असला तरी वितळायला गोठण्यापेक्षा पुष्कळ अधिक वेळ लागतो. त्या सर्व वेळात बाहेरचा थर भोवतालच्या हवेशी तापमान जुळवत राहतो आणि गाभा मात्र उणे १ अंशापाशी अडकून पडतो. ओट्यावर ठेवलेले चिकन मधोमध दगडासारखे घट्ट असताना त्याचा पृष्ठभाग स्वयंपाकघराइतका ऊन झालेला असू शकतो.

साल्मोनेलाची वाढ साधारण ५ ते ७ अंशांच्या खाली जवळपास थांबलेली असते. शरीराच्या तापमानाला, पोषक माध्यमात, तो सुमारे अर्ध्या तासात दुप्पट होऊ शकतो. गोठून जखमी झालेल्या जंतूंना सावरायला प्रारंभी थोडा अवधी लागतो हे खरे. पण एकदा वाढ सुरू झाली आणि दुपटीचा वेग अर्ध्या तासाचा राहिला, तर चार तासांत आठ वेळा दुप्पट होऊन एका जंतूचे २५६ होतात. अमेरिकी नियमात ४ अंशांपासून ६० अंशांपर्यंतच्या तापमानाला धोक्याचा पट्टा मानले जाते, आणि नाशवंत अन्न या पट्ट्यात दोन तासांहून अधिक काळ ठेवू नये असे सांगितले जाते, ते याच हिशोबाने. भोवतालचे तापमान ३२ अंशांच्या वर असेल तर ही मुदत एकाच तासाची. मार्च ते जूनदरम्यान विदर्भात, मराठवाड्यात आणि पुण्याच्या दुपारीही स्वयंपाकघराचे तापमान सहज ३२ अंशांपुढे जाते. म्हणजे तेथे दोन तासांचा नियम लागूच होत नाही, एक तासाचाच लागू होतो. थंड देशात लिहिलेल्या पाककृतीत चिकन सकाळी बाहेर काढून ठेवण्याची सूचना दिसली, तर वाचकाने हा फरक अवश्य ध्यानात घ्यावा. खरे तर त्या देशांतील अन्नसंस्थाही आज ओट्यावर वितळवण्याची शिफारस करत नाहीत.

आता एक उदाहरण सविस्तर पाहू. एक किलो करी कट चिकनचे पाकीट घेऊ. ते उणे १८ अंशांना गोठलेले आहे आणि त्याची जाडी सुमारे पाच सेंटिमीटर आहे. शनिवारी रात्री नऊ वाजता ते काठ असलेल्या ताटलीत ठेवून फ्रीजच्या सर्वांत खालच्या कप्प्यात सरकवले, आणि फ्रीजचे तापमान ४ अंश आहे. रविवारी संध्याकाळपर्यंत तुकडे एकमेकांपासून सुटतात. एखाद्या मोठ्या तुकड्याच्या हाडाजवळ बर्फाची कणी अजून जाणवेल. संपूर्ण काळात कोणताही भाग ४ अंशांच्या वर गेलेला नाही. पाहुणे येणार नसल्याचे आता कळले, आणि अर्धेच चिकन शिजवायचे ठरले. उरलेले अर्धे किलो कच्चे चिकन या क्षणी निःशंकपणे पुन्हा गोठवता येईल. फ्रीजमध्ये वितळलेले कच्चे चिकन आणखी एक ते दोन दिवस तेथे सुरक्षित राहते असे मानले जाते, म्हणून निर्णय सोमवारीही घेता येईल. पण लवकर घेतलेला बरा. फ्रीजच्या तापमानात आजार पसरवणारे बहुतेक जंतू स्वस्थ असले, तरी स्यूडोमोनाससारखे मांस नासवणारे जंतू थंडीतही हळूहळू वाढतच असतात. लिस्टेरिया हा रोगकारक जंतूही थंडीत वाढणाऱ्यांपैकी आहे.

तेच पाकीट एप्रिलमध्ये दुपारी चार वाजता ओट्यावर काढून ठेवले आणि स्वयंपाकघरात ३४ अंश तापमान असले, तर काय होईल? पहिल्या तासातच कडेचे तुकडे ५ अंशांच्या पुढे जातात. त्यानंतर त्यांचा पृष्ठभाग चढत राहतो आणि गाभा तसाच राहतो. आठ वाजता पाकीट दाबून पाहिले तर मध्यभागी अजून घट्ट गोळा लागतो. तो गोळा पाहून चिकन अजून थंडच आहे असा ग्रह होतो, आणि ते उचलून परत फ्रीजरमध्ये टाकले जाते. घरगुती पुनर्हिमीकरणातील सर्वांत मोठी चूक हीच आहे. कडेचे तुकडे तोपर्यंत धोक्याच्या पट्ट्यात तीन तास घालवून बसलेले असतात. फ्रीजर त्यांच्यावर वाढलेले जंतू जसेच्या तसे जपून ठेवील, आणि पुढच्या वेळी वितळवताना वाढ त्या चढलेल्या संख्येपासून सुरू होईल. असे चिकन पुन्हा गोठवू नये, आणि नियमाप्रमाणे ते शिजवूनही खाऊ नये. नीट शिजवल्याने जंतू मरतात, परंतु स्टॅफिलोकॉकस ऑरिअससारखे काही जंतू वाढताना जे विष तयार करतात, ते उकळल्यानेही नष्ट होत नाही.

तिसरी रीत थंड पाण्याची. गळती नसलेल्या पिशवीत घट्ट बांधलेले पाकीट थंड पाण्यात बुडवून ठेवतात आणि दर अर्ध्या तासाला पाणी बदलतात. एक किलोचे पाकीट साधारण दोन तासांत सुटते, कारण हवेपेक्षा पाणी उष्णता कितीतरी वेगाने पोहोचवते. या रीतीत थंड पाणी म्हणजे खरोखर थंड पाणी अपेक्षित आहे. उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतून येणारे नळाचे पाणी हाताला कोमट लागते, तेव्हा त्यात बर्फ घालणे आवश्यक ठरते. मायक्रोवेव्हमध्ये वितळवताना तर कडा शिजू लागतात आणि मधला भाग बर्फच राहतो. या दोन्ही रीतींत मांसाचा काही भाग थोडा काळ तरी धोक्याच्या पट्ट्यातून जातो, म्हणून असे चिकन कच्चे परत गोठवायचे नाही. ते लगेच शिजवावे. शिजल्यावर मात्र ते गोठवायला कोणतीच हरकत नाही. सुके, रस्सा किंवा नुसते मीठ-हळद लावून उकडलेले चिकन असे काहीही करून, ते दोन तासांच्या आत थंड करून, फ्रीजरमध्ये ठेवता येते.

येथवर आल्यावर ब्रिटिश संस्थेची कडक सूचना नीट समजते. पाकीट विकत घेणारा ते कोठे वितळवील, किती वेळ ठेवील, त्याच्या फ्रीजचे तापमान खरोखर किती आहे, यांतले काहीच छापणाऱ्याला ठाऊक नसते. ज्याला इतिहास माहीत नाही त्याने सर्वांना एकच सुरक्षित उत्तर द्यावे, हे योग्यच आहे. अमेरिकी उत्तरात एक अट घातलेली आहे, आणि ती अट पाळल्याचे ज्याला स्वतःला निश्चित ठाऊक आहे त्याच्यासाठीच ते उत्तर आहे. माझ्या मते ज्या घरात फ्रीजमध्ये साधा तापमापक ठेवलेला आहे तेथे अमेरिकी उत्तर वापरावे, आणि जेथे शंका आहे तेथे ब्रिटिश.

हा इतिहास नाकाने ओळखता येईल का, असे अनेकजण विचारतात. त्याचे उत्तर नकारार्थी आहे. आंबूस वास, चिकट बुळबुळीत पृष्ठभाग आणि करडी-हिरवट छटा ही मांस नासवणाऱ्या जंतूंची लक्षणे आहेत. ती दिसली तर चिकन टाकून द्यावे हे उघड आहे. पण साल्मोनेला धोकादायक संख्येत असूनही मांसाला वास न येणे शक्य आहे. उलट फ्रीजमध्ये चार-पाच दिवस राहिलेल्या चिकनला वास येत असला, तरी त्यावर साल्मोनेला फारसा वाढलेला नसेल. वास नसणे म्हणजे सुरक्षित असणे, असे समजणे म्हणूनच चुकीचे.

आता दर्जाकडे वळू. येथे निष्काळजीपणा नसतानाही हानी होते, आणि प्रत्येक फेरीत थोडी थोडी होत जाते. मांस सावकाश गोठते तेव्हा बर्फाची पहिली बीजे पेशींच्या बाहेर, स्नायुतंतूंच्या मधल्या जागेत रुजतात. मग आतले पाणी बाहेर ओढले जाते आणि तेथे मोठे, टोकदार स्फटिक वाढतात. झपाट्याने गोठवले तर असंख्य बारीक स्फटिक तंतूंच्या आतही तयार होतात आणि रचना फारशी विस्कटत नाही. कारखान्यांत उणे ३५ ते उणे ४० अंशांची वेगवान हवा सोडून चिकनचे सुटे तुकडे गोठवतात ते यासाठीच. क्लॅरेन्स बर्ड्‌सआय या अमेरिकी निसर्गअभ्यासकाने १९१० च्या दशकात लॅब्राडोरच्या कडाक्याच्या थंडीत क्षणार्धात गोठलेले मासे पाहिले. ते वितळल्यावरही ताजे लागतात हे त्याच्या ध्यानात आले, आणि पुढे १९२० च्या दशकात त्याने शीघ्र हिमीकरणाची यंत्रे विकसित केली. घरच्या फ्रीजरमध्ये मात्र हवा जवळजवळ स्थिर असते आणि यंत्राची ताकद मर्यादित असते. म्हणजे कारखान्यात शीघ्र गोठलेले चिकन आपण घरी वितळवून पुन्हा गोठवतो, तेव्हा पहिल्या वेळचे बारीक स्फटिक जाऊन त्यांच्या जागी दुसऱ्या वेळी मोठे स्फटिक येतात. पुनर्हिमीकरणात दर्जा घसरण्याचे सर्वांत मोठे कारण हे आहे.

स्फटिकांनी फाटलेल्या तंतूंतून वितळताना जे पाणी गळते, ते पाकिटाच्या तळाशी गुलाबी द्रवाच्या रूपाने दिसते. बहुतेक लोक त्याला रक्त समजतात. वास्तविक रक्त कापतानाच बहुतांशी वाहून गेलेले असते, आणि हे मांसातले पाणी असते. त्यात विरघळलेली प्रथिने, क्षार, काही जीवनसत्त्वे आणि मायोग्लोबिन नावाचे तांबडे रंगद्रव्य असते. या द्रवाला आपण निःस्राव म्हणू. घरच्या वजनकाट्यावर हा निःस्राव मोजता येतो. वितळलेले तुकडे चाळणीत पाच मिनिटे निथळत ठेवून त्यांचे वजन करावे आणि गोठवण्यापूर्वीच्या वजनातून ते वजा करावे. दुसऱ्या फेरीनंतर हाच प्रयोग केला तर फरक वाढलेला आढळतो. प्रथिनांची रचना क्षारांच्या साकळण्याने बदललेली असते, आणि त्यांची पाणी धरून ठेवण्याची शक्ती उणावलेली असते. शिजवताना हे मांस आणखी पाणी सोडते. परिणामी छातीचे मांस चोथट, दोऱ्यासारखे सुटणारे होते. निःस्रावाबद्दल सुरक्षिततेचाही एक मुद्दा आहे. त्यात पृष्ठभागावरचे जंतू असतात, म्हणून तो कोथिंबिरीवर किंवा कापलेल्या फळांवर ठिबकता कामा नये. वर सांगितलेली काठाची ताटली आणि खालचा कप्पा यांचे प्रयोजन हेच.

मेदाचे ऑक्सिडीभवन हा दुसरा ऱ्हास आहे. चिकनच्या चरबीत असंपृक्त मेदाम्लांचे प्रमाण बकऱ्याच्या चरबीपेक्षा अधिक असते, त्यामुळे ती हवेतल्या प्राणवायूने लवकर खवट होते. पेशी फाटल्याने लोहयुक्त रंगद्रव्ये मोकळी होतात आणि ही क्रिया वेगवान करतात. थंडीने ती मंदावते, पण पूर्ण थांबत नाही. मांडी आणि तंगडी यांत मेद व रंगद्रव्ये अधिक, म्हणून तेथे खवटपणा आधी जाणवतो. छातीत मेद कमी आणि पाणी जाण्याचा त्रास अधिक, म्हणून तेथे आधी कोरडेपणा जाणवतो.

तिसरा ऱ्हास हिमदाहाचा. फ्रीजरमधील कोरडी हवा उघड्या मांसावरचे बर्फ द्रव न होताच थेट वाफेच्या रूपाने उडवते. या क्रियेला संप्लवन म्हणतात. तेथे पांढुरके, करड्या कडांचे, स्पंजासारखे कोरडे चट्टे पडतात. ते खाण्यास अपायकारक नसतात, पण चवीला चामड्यासारखे लागतात, आणि ते कापून टाकणे हाच उपाय. वितळवलेले पाकीट एकदा उघडलेले असते आणि पुन्हा बांधताना आत हवा राहते. म्हणूनच पुनर्हिमीकरण केलेल्या चिकनवर हे चट्टे अधिक दिसतात.

एक चौथी गोष्ट येथे नोंदवावीशी वाटते, कारण तिच्यामुळे चांगले अन्न विनाकारण टाकले जाते. गोठवलेली तंगडी पूर्ण शिजवल्यावरही हाडालगतचे मांस काळपट-तांबडे दिसते, आणि ते कच्चे राहिले असा समज होतो. ब्रॉयलर कोंबडी सहा आठवड्यांच्या आसपासच कापली जाते. तिची हाडे पुरती कठीण झालेली नसतात, सच्छिद्र असतात. गोठताना आणि वितळताना हाडातील मज्जेचे हिमोग्लोबिन बाहेर झिरपते आणि शिजल्यावर काळसर होते. दोनदा गोठलेल्या तुकड्यांत हे अधिक दिसते. मांसाचा रंग पाहून शिजल्याची खात्री करू नये. सर्वांत जाड भागात, हाडाला न टेकवता, तापमापकाची सुई खुपसावी. ७४ अंश सेल्सिअस दाखवले की मांस खाण्यास सुरक्षित झाले.

खिम्याचा विचार मात्र वेगळा करावा लागतो. अखंड तुकड्यात जंतू प्रामुख्याने पृष्ठभागावर असतात. यंत्रातून निघालेल्या खिम्यात तो पृष्ठभाग सर्वत्र मिसळलेला असतो, आणि हवेचा संपर्कही पुष्कळ वाढलेला असतो. फ्रीजमध्ये वितळलेला खिमा पुन्हा गोठवणे तत्त्वतः तितकेच सुरक्षित आहे. पण चुकीला तेथे जागा अत्यल्प, आणि चवीची घसरणही सर्वांत जलद. खिमा परतून शिजवावा आणि मगच गोठवावा, असे मी सुचवीन.

वीजपुरवठा खंडित झाल्यावर जी स्थिती येते, ती याच तत्त्वांनी सोडवता येते. भरलेला फ्रीजर दार न उघडता सुमारे ४८ तास आणि अर्धा भरलेला सुमारे २४ तास आपले तापमान राखतो, असा अमेरिकी कृषी खात्याचा ठोकताळा आहे. फ्रीजचा खालचा भाग मात्र चार तासांतच धोक्याला येतो. हे आकडे मोठ्या आणि स्वतंत्र दाराच्या फ्रीजरचे आहेत. एकदारी फ्रीजमधल्या छोट्या कप्प्याला ते तसेच लावू नयेत. वीज परत आल्यावर पाकीट चाचपून पाहावे. आत बर्फाचे स्फटिक शिल्लक असतील किंवा तापमान ४ अंशांच्या आत असेल, तर चिकन पुन्हा गोठू द्यावे. येथे स्फटिकांची कसोटी चालते आणि ओट्यावरच्या पाकिटाला चालत नाही, याचे कारण वर आलेच आहे. बंद फ्रीजरमध्ये सभोवतालची हवाही थंड असते, त्यामुळे पृष्ठभाग आणि गाभा जवळजवळ बरोबरीने चढतात.

पुन्हा गोठवायचे ठरले तर कसे गोठवावे, याला मोल आहे. रूडॉल्फ प्लँक या जर्मन अभियंत्याने १९१३ साली मांडलेल्या सूत्रानुसार गोठण्याचा काळ काही अंशी जाडीच्या प्रमाणात आणि काही अंशी जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे जाडी निम्मी केली की वेळ निम्म्याहूनही कमी होतो. म्हणून उरलेले अर्धे किलो चिकन एका गोळ्यात बांधू नये. तुकडे निथळून, स्वच्छ कागदी रुमालाने टिपून, एका थरात सपाट पिशवीत पसरावेत आणि हवा दाबून बाहेर काढावी. पिशवी फ्रीजरच्या धातूच्या तळावर थेट ठेवावी, आणि पहिले काही तास तिच्यावर दुसरे काही रचू नये. फ्रीजरमध्ये आधीच जाऊन बसलेल्या पाकिटांना चिकटवून ही तुलनेने उष्ण पिशवी ठेवली, तर त्यांचेही तापमान वर-खाली होते आणि त्यांतले बारीक स्फटिक वितळून मोठ्या स्फटिकांना जाऊन मिळतात. दही, आले-लसूण आणि मीठ लावून ठेवलेले चिकन फ्रीजमध्येच राहिले असेल तर तेही याच अटींवर गोठवता येते. दह्याच्या आंबटपणाने ते अधिक सुरक्षित होते असे मात्र समजू नये. मिठाने त्यातले पाणी काहीसे धरले जाते, पण त्याच मिठाने चरबी लवकर खवट होते, म्हणून असे चिकन लवकर वापरावे.

दुसऱ्यांदा गोठलेल्या चिकनसाठी पदार्थही जपून निवडावा. तंदूर, तवा किंवा भाजण्याचे पदार्थ मांसाच्या स्वतःच्या ओलाव्यावर उभे असतात, आणि तो ओलावाच येथे गेलेला असतो. वाटण घातलेला रस्सा, खिचडीसारखा ओलसर भात किंवा सूप यांत बाहेरून पाणी मिळते आणि तंतूंचा सुटसुटीतपणा फारसा खटकत नाही.

पिशवीवर तारीख लिहावी, आणि तिच्या शेजारी हे चिकन पहिल्या वेळी वितळून फ्रीजमध्ये किती काळ राहिले तेही लिहावे. दुसरी नोंद अधिक महत्त्वाची आहे. फ्रीजमध्ये मिळणारी एक ते दोन दिवसांची मुदत प्रत्येक वेळी नव्याने मिळत नाही. वरच्या उदाहरणातले चिकन रविवारी रात्री फ्रीजरमध्ये गेले तेव्हा त्या मुदतीतले काही तास खर्च होऊन गेले होते. तीन आठवड्यांनी ते पुन्हा बाहेर काढले, तर रात्री फ्रीजमध्ये वितळत ठेवावे आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शिजवावेच. त्या वेळी बेत पुन्हा बदलला, तरी ते कच्चे परत फ्रीजरमध्ये न ठेवता आधी चुलीवर चढवावे.